आरोग्यविषयक हस्तलिखिताचे प्रीप्रिंट टाकावे का, आणि टाकल्यावर जर्नल त्याकडे कसे पाहते

प्रीप्रिंट एकदा सर्व्हरवर चढले की ते खाली उतरवता येत नाही. तुम्ही ते मागे घेतल्याची सूचना लावू शकता, सुधारित आवृत्ती टाकू शकता, परंतु पहिली आवृत्ती तिच्या तारखेसह आणि डीओआय या कायमस्वरूपी ओळख-क्रमांकासह तिथेच राहते. नव्या संशोधकाने प्रीप्रिंटचा विचार येथून सुरू करावा असे मला वाटते, कारण ‘फुकट आहे, चार दिवसांत दिसते, टाकून बघू’ या भावनेने घेतलेला निर्णय पुढे जर्नलच्या दारात अडतो आणि तेव्हा तो बदलण्याची सोय उरलेली नसते.

प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञ-परीक्षण होण्यापूर्वी सार्वजनिक सर्व्हरवर ठेवलेले पूर्ण हस्तलिखित. आरोग्य क्षेत्रात यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर medRxiv हा असून त्याचा उच्चार ‘मेडआर्काइव्ह’ असा करतात. कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबोरेटरी, येल विद्यापीठ आणि बीएमजे यांनी तो जून २०१९ मध्ये सुरू केला आणि २०२५ पासून तो ओपनआर्काइव्ह या स्वतंत्र ना-नफा संस्थेकडे आहे. पुढील पायऱ्या मी याच सर्व्हरला धरून सांगतो.

उदाहरण म्हणून एक काल्पनिक अभ्यास सोबत ठेवू. मराठवाड्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करणाऱ्या विद्यार्थिनीने गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या तळांवर जाऊन ४१२ ऊसतोड महिलांचे हिमोग्लोबिन तपासले आहे. निम्म्याहून अधिक महिलांमध्ये ते प्रति डेसीलिटर १२ ग्रॅमच्या खाली आढळले, आणि ज्यांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती त्यांची आकडेवारी तिने वेगळ्या तक्त्यात दिली आहे. प्रबंध जमा झाला आहे, लेख तयार आहे, आणि जर्नलचा निर्णय यायला कित्येक महिने लागतील हे तिला माहीत आहे. तिने काय करावे?

पहिली पायरी: सर्व्हरचे पान उघडण्यापूर्वी जर्नलचे पान उघडा

वैद्यकीय जर्नलांना प्रीप्रिंटचे वावडे का होते, हे एका जुन्या नियमात सापडते. १९६९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचे संपादक फ्रान्झ इंगलफिंगर यांनी जाहीर केले की, जे संशोधन आधी अन्यत्र छापून आले आहे किंवा वृत्तपत्रांना देऊन झाले आहे, ते आम्ही छापणार नाही. हा नियम हळूहळू बहुतेक वैद्यकीय जर्नलांनी उचलला, आणि ‘पूर्वप्रकाशन’ हा शब्द संपादकांच्या भाषेत दोषवाचक झाला. भौतिकशास्त्रात १९९१ पासून प्रीप्रिंट सर्रास टाकली जात असताना वैद्यकशास्त्र मागे राहिले, त्याचे एक कारण हा नियम होय. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. एखाद्या कणाच्या वस्तुमानाचा आकडा चुकला तर कोणी चुकीचे औषध घेत नाही.

आज चित्र बदलले आहे. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, जिला सगळे आयसीएमजेई म्हणतात, तिच्या शिफारशींत प्रीप्रिंटसाठी स्वतंत्र विभाग आहे. लेखकाने सबमिशनच्या वेळी प्रीप्रिंटची माहिती आणि दुवा द्यावा, तिचा उल्लेख लेखातही करावा, आणि परीक्षकांच्या सूचनांनुसार बदललेल्या मधल्या आवृत्त्या सर्व्हरवर टाकू नयेत, असे त्या सांगतात. द लॅन्सेट, द बीएमजे, प्लॉस मेडिसिन आणि खुद्द न्यू इंग्लंड जर्नलही आता प्रीप्रिंट झालेले लेख विचारात घेतात. तरीही ‘मोठी जर्नले घेतात म्हणजे सगळी घेतात’ हा निष्कर्ष काढू नका. शिफारशी पाळायच्या की नाहीत हे प्रत्येक जर्नल स्वतः ठरवते, आणि आपल्याकडचे नवे संशोधक जिथे बहुधा लेख पाठवतात त्या विषयसंघटनांच्या जर्नलांत धोरण एकसारखे नाही.

म्हणून एक जर्नल न निवडता तीन निवडा: जिथे लेख जावा असे वाटते ते, तिथून परत आला तर दुसरे, आणि त्यानंतरचे तिसरे. तिन्हींच्या ‘लेखकांसाठी सूचना’ या पानावर preprint हा शब्द शोधा, आणि तो सापडला नाही तर prior publication आणि duplicate publication शोधा. उत्तर चारपैकी एका प्रकारचे निघते. काही जर्नले स्पष्टपणे चालेल म्हणतात. काही अट घालतात, म्हणजे अमुक सर्व्हर चालेल किंवा अमुक परवाना नको. काही सरळ नकार देतात. आणि काही काहीच बोलत नाहीत. न बोलणाऱ्या जर्नलला होकार समजणे ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. अशा वेळी संपादकीय कार्यालयाला चार ओळींचा ईमेल पाठवावा: लेखाचे शीर्षक, अभ्यासाचा प्रकार, ज्या सर्व्हरवर टाकायचे आहे त्याचे नाव, आणि ‘यामुळे आपल्याकडे विचार होण्यात अडथळा येईल का’ हा एकच प्रश्न. आलेले उत्तर जपून ठेवा, कारण वर्षभराने संपादक बदललेला असू शकतो.

तिन्हींपैकी एकाचा जरी ठाम नकार असेल आणि ते जर्नल तुम्हाला खरोखर हवे असेल, तर निर्णय इथेच झाला. प्रीप्रिंट टाकू नका.

जर्नल दुहेरी अंध परीक्षण करते का, हेही याच वेळी पाहून घ्या. परीक्षकाला लेखकाचे नाव कळू नये म्हणून तुम्ही शीर्षकपान वेगळे देता, परंतु तेच शीर्षक प्रीप्रिंटवर असेल तर परीक्षक एका शोधात तुमच्या महाविद्यालयापर्यंत पोहोचतो. अनेक जर्नलांना ते चालते. तुम्हाला चालते का हे तुम्ही ठरवायचे. अनोळखी महाविद्यालयातून आलेल्या लेखाला नाव झाकलेले असण्याचा फायदा होतो, आणि तो सोडून देण्याआधी विचार करावा असे माझे मत आहे.

दुसरी पायरी: उद्या कोणी यावर वागले तर काय होईल?

हा प्रश्न मी दोन खऱ्या प्रसंगांशेजारी ठेवून विचारतो.

पहिला प्रसंग रिकव्हरी चाचणीचा. कोविडच्या रुग्णांना डेक्सामेथासोन दिल्यास मृत्यू कमी होतात का, हे ब्रिटनमध्ये तपासले गेले. १६ जून २०२० रोजी निष्कर्ष जाहीर झाले, २२ जूनला मेडआर्काइव्हवर प्रीप्रिंट आले, आणि १७ जुलैला न्यू इंग्लंड जर्नलने लेख ऑनलाइन प्रसिद्ध केला. प्रीप्रिंटमध्ये व्हेंटिलेटरवरील रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण औषध मिळालेल्यांत २९.० टक्के आणि न मिळालेल्यांत ४०.७ टक्के होते, तर जर्नलमध्ये हेच आकडे २९.३ आणि ४१.४ असे आले. आकडे थोडे हलले, निष्कर्ष हलला नाही. स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे औषध असल्याने मधले पंचवीस दिवस मोलाचे होते, आणि अभ्यास इतका भक्कम होता की घाई अंगाशी आली नाही.

दुसरा प्रसंग त्याआधीचा. जानेवारी २०२० च्या अखेरीस दिल्लीतील संशोधकांनी बायोआर्काइव्ह या जीवशास्त्राच्या प्रीप्रिंट सर्व्हरवर एक प्रीप्रिंट टाकले, ज्यात नव्या कोरोना विषाणूच्या स्पाइक प्रथिनातील काही तुकडे एचआयव्हीशी विलक्षण जुळतात असा दावा होता. ते तुकडे इतके लहान होते की तसे साम्य इतर अनेक जीवांतही सापडते, हे तज्ज्ञांनी लगेच दाखवून दिले, आणि लेखकांनी दोन-तीन दिवसांत प्रीप्रिंट मागे घेतले. तोपर्यंत विषाणू प्रयोगशाळेत बनवला गेल्याच्या अफवेला त्याचा आधार मिळून चुकला होता. मागे घेतल्याची सूचना त्या पानावर आहे, आणि पहिली आवृत्तीही आहे.

आपल्या विद्यार्थिनीच्या अभ्यासावर कोणी औषध बदलणार नाही. परंतु धोका वेगळ्या बाजूने आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला होता, आणि त्याच गटावरील कोणताही नवा आकडा स्थानिक वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर जाऊ शकतो. तिने ४१२ महिला सोयीनुसार, म्हणजे ज्या तळांवर प्रवेश मिळाला तिथून घेतल्या आहेत. त्यावरून ‘राज्यातील निम्म्या ऊसतोड महिला रक्तक्षयाने ग्रस्त’ असे म्हणता येत नाही, पण मथळा नेमका तसाच येईल. त्यामुळे प्रीप्रिंट टाकण्यापूर्वी तिने सारांशाच्या पहिल्या दोन ओळींतच नमुना कसा निवडला हे लिहावे आणि निष्कर्षाच्या वाक्यात ‘तपासलेल्या महिलांमध्ये’ हे शब्द घालावेत. परीक्षक या गोष्टी नंतर दुरुस्त करून घेतील या भरवशावर राहता येत नाही, कारण प्रीप्रिंट वाचणाऱ्यापर्यंत परीक्षक पोहोचलेलाच नसतो.

त्याच अभ्यासात आणखी एक बारीक जागा आहे. तिच्या वेगळ्या तक्त्यात एका तळाच्या रकान्यात ‘शस्त्रक्रिया झालेली, वय २५ पेक्षा कमी’ अशी एकच महिला आहे, आणि तळ कोणत्या कारखान्याचा हे लेखात लिहिलेले आहे. त्या टोळीच्या मुकादमाला ती महिला कोण हे लगेच कळेल. नाव न छापताही ओळख उघड होते ती अशी. जर्नलचा परीक्षक कदाचित हे पकडेल. प्रीप्रिंटच्या बाबतीत तो पकडेपर्यंत तक्ता जगभर पोहोचलेला असेल. तळांची नावे काढून टाकणे आणि पाचपेक्षा कमी संख्येचे रकाने एकत्र करणे, ही दोन कामे फाइल अपलोड करण्यापूर्वी करावीत.

उपचाराचा डोस, औषध थांबवण्याचा सल्ला किंवा लशीच्या सुरक्षिततेबद्दलचा दावा ज्या लेखात आहे आणि अभ्यास लहान आहे, त्या लेखाचे प्रीप्रिंट टाकू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. मेडआर्काइव्हही असे लेख आधी तज्ज्ञ-परीक्षणाला न्यावेत म्हणून परत पाठवू शकते.

तिसरी पायरी: टाकण्याचा अधिकार आहे का

सर्व सहलेखकांची संमती लागते, आणि ती लेखी घ्यावी. काही प्रकाशकांच्या सबमिशन फॉर्ममध्येच ‘प्रीप्रिंट म्हणूनही प्रसिद्ध करावे का’ असा एक चौकोन असतो, आणि रात्री अकरा वाजता पंधराव्या पानावर पोहोचलेला माणूस तो न वाचता टिक करतो. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून हे झाले. चौथ्या दिवशी आमच्या ज्येष्ठ सहलेखकांना दुसऱ्या शहरातून फोन आला की तुमचा लेख इंटरनेटवर दिसतो आहे, आणि त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. चौकोनाबद्दल मी त्याला आधी सांगायला हवे होते, ही चूक माझी होती. तेव्हापासून मी हस्तलिखित पाठवण्यापूर्वी सगळ्यांना एक ईमेल पाठवतो आणि प्रत्येकाचे ‘हो’ आल्याशिवाय पुढे जात नाही.

एखादे उपकरण, चाचणी किट किंवा औषधी मिश्रण लेखात असेल तर पेटंटचा अर्ज आधी करावा. प्रीप्रिंट हे जाहीर प्रकटन असल्याने नंतरच्या अर्जाची नवीनता त्याने जाऊ शकते. उलट, अनुदान देणारी संस्था प्रीप्रिंटची सक्तीही करू शकते: गेट्स फाउंडेशनने १ जानेवारी २०२५ पासून आपल्या अनुदानातून झालेल्या कामाचे प्रीप्रिंट टाकणे बंधनकारक केले आहे. अनुदानाचा करार काढून वाचा.

आणि पदोन्नतीचा हिशेब मनात असेल तर तो इथेच संपवा. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरावीक सूचींत असलेल्या जर्नलांतील लेख मोजतो, आणि प्रीप्रिंट सर्व्हर हे जर्नल नव्हे. काही प्रीप्रिंट पबमेडमध्ये दिसतात, कारण अमेरिकेच्या एनआयएचने स्वतःच्या अनुदानातील कामासाठी २०२० पासून तशी सोय केली. त्यामुळे त्यांचा दर्जा बदलत नाही.

चौथी पायरी: प्रत्यक्ष टाकणे

मेडआर्काइव्ह शुल्क घेत नाही. मूळ संशोधन, पद्धतशीर आढावे आणि अभ्यासाचे प्रोटोकॉल तिथे घेतले जातात. एका रुग्णाची केस रिपोर्ट, सर्वसाधारण आढावा, संपादकीय किंवा मतप्रदर्शन घेतले जात नाही. लेख जर्नलने स्वीकारण्यापूर्वीच टाकावा लागतो.

फॉर्ममध्ये जे विचारले जाते ते आधी एका कागदावर लिहून ठेवा: एथिक्स कमिटीचे नाव आणि तिचा निर्णय, निधीचा स्रोत, हितसंबंधांचे प्रकटन, विदा कुठे मिळेल याचे विधान, आणि चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक. भारतात १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत चाचणीची नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच करावी लागते, त्यामुळे उशिरा केलेली नोंदणी येथे उघडी पडते. लेखात वापरलेले रुग्णांचे ओळख-क्रमांक संशोधकांच्या गटाबाहेर कोणालाही माहीत नाहीत, याचीही हमी द्यावी लागते. वॉर्डमधील केसपेपरचा नंबर तक्त्यात तसाच राहिला असेल तर तो बदला, कारण तो नंबर परिचारिकेपासून रेकॉर्ड रूमपर्यंत सगळ्यांना माहीत असतो.

परवाना निवडताना थांबा. सर्वांत मोकळा परवाना दिला तर तुमचा लेख कोणीही, विक्रीसाठीसुद्धा, पुन्हा वापरू शकतो, आणि दिलेला परवाना परत घेता येत नाही. निधी देणाऱ्याची अट नसेल आणि जर्नल पक्के झालेले नसेल, तर विनापरवानगी विक्री आणि बदल दोन्हींना मनाई करणारा CC BY-NC-ND हा परवाना निवडावा, असे मी सुचवतो. पुढे जर्नलची प्रताधिकाराची अट कोणतीही असली तरी त्याने बहुधा अडचण येत नाही.

यानंतर सर्व्हरचे लोक लेख चाळतात. साहित्यचौर्य, रुग्णाची ओळख, लोकांच्या आरोग्याला होऊ शकणारा अपाय, हे ते पाहतात. पद्धत बरोबर आहे का, हे ते पाहत नाहीत. चार-पाच दिवसांत लेख दिसू लागतो, आणि त्यावर अशी पट्टी असते की याचे तज्ज्ञ-परीक्षण झालेले नाही व त्यावरून रुग्णोपचार ठरवू नयेत.

पाचवी पायरी: जर्नलला सांगणे

विद्यार्थिनीने आता पहिल्या जर्नलला लेख पाठवला. संपादकीय कार्यालय तो साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकते, आणि अहवाल ऐंशी-नव्वद टक्के साम्य दाखवतो, कारण सॉफ्टवेअरला तिचेच प्रीप्रिंट सापडले आहे. कव्हर लेटरमध्ये प्रीप्रिंटचा उल्लेख असेल तर कार्यालयातील माणूस तो स्रोत वगळून अहवाल पुन्हा काढतो आणि काम पुढे जाते. उल्लेख नसेल तर लेख साहित्यचौर्याच्या किंवा दुहेरी प्रकाशनाच्या शंकेने परत येतो, आणि त्यानंतर दिलेले स्पष्टीकरण पडती बाजू सावरल्यासारखे वाटते.

कव्हर लेटरच्या पहिल्या परिच्छेदात हे लिहावे: या हस्तलिखिताची आधीची आवृत्ती अमुक तारखेला मेडआर्काइव्हवर प्रीप्रिंट म्हणून टाकली आहे, तिचा डीओआय असा आहे, आणि त्या आवृत्तीपेक्षा या हस्तलिखितात अमुक बदल आहेत. लेखाच्या पद्धती विभागातही तसे एक वाक्य द्यावे. शीर्षक आणि लेखकांचा क्रम दोन्हीकडे जुळतो ना, ते पाहावे. प्रीप्रिंटनंतर एखादा लेखक वाढला किंवा गळाला असेल तर त्याचे कारण स्वतःहून लिहावे.

परीक्षण सुरू असताना सर्व्हरवर नवी आवृत्ती टाकण्याचा मोह होतो, विशेषतः परीक्षकाने एखादी खरी चूक दाखवली तर. इथे फरक करावा लागतो. परीक्षकाच्या सूचनांनुसार सुधारलेला लेख टाकू नये, कारण त्यात परीक्षक आणि जर्नल यांचे श्रम आहेत आणि आयसीएमजेई त्याला नाही म्हणते. परंतु चूक अशी असेल की वाचकाची दिशाभूल होते, उदाहरणार्थ हिमोग्लोबिनच्या तक्त्यात दोन रकाने अदलाबदल झाले आहेत, तर संपादकाला कळवून फक्त तेवढी दुरुस्ती असलेली आवृत्ती टाकावी आणि तिच्यात काय बदलले ते लिहावे. दिशाभूल करणारा तक्ता जर्नलच्या निर्णयापर्यंत सहा महिने तसाच ठेवणे मला योग्य वाटत नाही.

पत्रकाराचा फोन आला तर लेखात आहे तेवढेच सांगावे, परीक्षण झालेले नाही हे आधी सांगावे, आणि लेख कोणत्या जर्नलकडे आहे हे सांगू नये. स्वतःहून प्रसिद्धिपत्रक काढू नये. अनेक जर्नलांचे प्रसिद्धीपूर्व गोपनीयतेचे नियम आजही कडक आहेत आणि इंगलफिंगर यांचा नियम तिथे अजून जिवंत आहे.

सहावी पायरी: स्वीकृती किंवा नकार आल्यानंतर

लेख छापून आला की प्रीप्रिंटच्या पानावर जर्नलमधील लेखाचा दुवा यायला हवा. मेडआर्काइव्ह शीर्षक आणि लेखकांवरून तो बहुतेक वेळा आपोआप जोडते, परंतु परीक्षणात शीर्षक बदलले असेल तर जोड चुकते. महिन्याभराने पान उघडून पाहावे, आणि दुवा नसेल तर सर्व्हरला कळवावे. जर्नलने मांडणी केलेली अंतिम पीडीएफ तिथे चढवू नये, कारण तिचा हक्क बहुधा प्रकाशकाकडे असतो.

नकार आला तर प्रीप्रिंट तसेच राहते आणि लेख यादीतील दुसऱ्या जर्नलकडे जातो. कव्हर लेटरमधील वाक्य तेच राहते, फक्त बदलांची ओळ अद्ययावत होते. नकार देणाऱ्या परीक्षकांनी सांगितलेल्या सुधारणा आता सर्व्हरवर नव्या आवृत्तीत टाकायच्या असतील, तर त्या दुसरीकडे लेख पाठवण्याआधी टाकाव्यात, म्हणजे नव्या जर्नलला कोणत्या आवृत्तीचा दुवा दिला याचा घोळ होत नाही. बायोडेटात आणि पुढच्या लेखांच्या संदर्भसूचीत या कामापुढे ‘प्रीप्रिंट’ हा शब्द, आवृत्तीचा क्रमांक आणि टाकल्याची तारीख लिहावी, आणि ज्या दिवशी जर्नलमधील लेख येईल त्या दिवसापासून संदर्भ म्हणून तोच द्यावा.